'पार्थ म्हणजे अर्जुन' असं फाइंड-रिप्लेस केलं आणि कुंती कर्णाला म्हणाली, "तू अर्जुन आहेस"

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. आमचे आजोबा पंचवटीत नारदीय कीर्तनं करायचे. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यातली 'कर्ण-कुंती भेट' या आख्यानाची वही मी इंग्रजीत करतेय. बहीण अमेरिकेत असते, तिची मुलं 14 आणि 11 वर्षांची. मराठी कळतं, वाचता येत नाही. आई त्यांना रात्री वाचून दाखवणार, असा बेत.

पहिला खर्डा पाठवला तर थोरल्याने विचारलं, "यात एकूण माणसं किती आहेत?" त्याने कागदावर यादी केली होती आणि ती अकरावर गेली होती. प्रत्यक्षात बोलणारी माणसं दोनच, वर सूर्य एकदा बोलतो. सात पानांत एकट्या कर्णाला कर्ण, राधेय, आधिरथी, सूतपुत्र, वैकर्तन, अंगराज, कौंतेय आणि पार्थ म्हटलंय. कुंती कधी पृथा, कधी वार्ष्णेयी, कधी पांडवजननी.

मग मी शहाणपणा केला. आख्यानाच्या आधी दोन पानं श्रीकृष्ण-अर्जुनाचा प्रसंग आहे, तिथे पार्थ, कौंतेय, धनंजय यांचा सुळसुळाट. म्हणून सगळ्या फाइलीत पार्थ आणि कौंतेय बदलून अर्जुन करून टाकलं. न तपासता पाठवलं. बहिणीचा रात्री दीडला फोन. कुंती गंगेकाठी कर्णाला सांगते, "तू अर्जुन आहेस, पराक्रमी आहेस," आणि धाकटी विचारते, मग कर्ण कुठे गेला?

हसून झालं असेल तर मदत करा. सगळीकडे एकच नाव ठेवू का? आणि दुसरं, आजोबांच्या वहीत कर्ण कुंतीला आधी 'माते' म्हणतो, मग 'राजमाते'. इंग्रजीत मदर लिहिलं तर ती त्याची आई आहे हे तिने सांगायच्या आधीच फुटतंय.

(रोमन अक्षरं या धाग्यावर नकोत म्हणून इंग्रजी वाक्यंही देवनागरीत लिहितेय. सांभाळून घ्या.)

---

सिडकोचा_अभ्या

सोपं आहे. एक माणूस, एक नाव. ही विशेषणं वृत्तात मात्रा भरायला असतात. चार अक्षरं कमी पडली की टाक 'महाबाहो', तीन कमी पडली की 'राधेय'. इंग्रजी गद्यात मात्रा मोजायच्या नाहीत, त्यामुळे ठेवायचं कारणच नाही. पहिल्या पानावर वंशावळीचा तक्ता द्या, शेवटी तळटीपा द्या, विषय संपला.

पार्थ म्हणजे अर्जुनच. गीतेत दुसऱ्या कुणाला म्हटलंय का?

---

मीनल_क

छान विषय! राधेचा उल्लेख मुलांना नीट समजावून सांगा हं. राधा-कृष्णाचं नातं पाश्चात्त्यांना पटकन कळत नाही, त्यांना ती बायको वाटते. आमच्या भजनी मंडळात एक परदेशी बाई आल्या होत्या, त्यांनीही हेच विचारलं होतं.

---

गोदाकाठची

मीनलताई, ही राधा वेगळी. कर्णाला वाढवणारी, अधिरथ सूताची बायको. पण बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी 'सन ऑफ राधा' लिहिलं होतं, त्यावर थोरल्याचा प्रश्न हाच होता, "म्हणजे कर्ण कृष्णाचा मुलगा?" त्याच्या शाळेतल्या कुणीतरी राधा-कृष्ण एवढंच ऐकलेलं.

---

पोथीवाला

अभ्या, गीतेतला पार्थ अर्जुन आहे, कारण तिथे समोर तोच बसलाय. शब्दाचा अर्थ पृथेचा मुलगा. पृथा हे कुंतीचं माहेरचं नाव, शूराची मुलगी, पुढे कुंतिभोजाला दिली म्हणून कुंती. म्हणजे युधिष्ठिर पार्थ, भीम पार्थ, अर्जुन पार्थ. आणि चौथा कोण, हेच तर कुंती सांगायला आलीय. तिचं वाक्य असं आहे: "सूतपुत्रेति मा शब्दः पार्थस्त्वमसि वीर्यवान्". सूतपुत्र हा शब्दच नको, तू पार्थ आहेस. सगळा प्रसंग त्या एका शब्दावर उभा आहे आणि नेमका तोच फाइंड-रिप्लेसने खाल्ला.

मात्रा भरण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. वर्णनात, लढाईच्या रेट्यात, निवेदक 'वैकर्तन' म्हणतो की 'राधेय' म्हणतो यात पुष्कळदा वृत्ताची सोय असते. तिथे खुशाल कर्ण लिहा, कुणाचं काही जात नाही. पण माणसं एकमेकांशी बोलत असताना कोण कुणाला काय म्हणतं, त्याला हात लावू नये.

उद्योगपर्वातली ही जागा उघडून बघा. कर्ण पूर्वेकडे तोंड करून, हात वर करून जप करतोय. कुंती मागे येऊन उभी राहते. ऊन लागतंय म्हणून त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत. सुकत चाललेल्या कमळांच्या माळेसारखी. तिथे निवेदक तिला नावाने हाक मारत नाही, 'कौरव्यपत्नी वार्ष्णेयी' म्हणतो. कुरूंची सून, वृष्णींची लेक. दोन्ही घरं एका ओळीत, आणि बाई मात्र एका परक्या माणसाच्या उपरण्याच्या सावलीला उभी. पाठ तापेपर्यंत जप झाल्यावर कर्ण वळतो आणि म्हणतो:

राधेयोऽहमाधिरथिः कर्णस्त्वामभिवादये

यावर तिचं पहिलं वाक्य:

कौन्तेयस्त्वं न राधेयो न तवाधिरथः पिता

आता इथे अभ्याचा नियम लावा. "मी कर्ण, तुला नमस्कार करतो." "तू कर्ण आहेस, कर्ण नाहीस." राहिलं काय?

---

सिडकोचा_अभ्या

ओके, पार्थाबद्दल शब्द मागे. पण तळटीप आणि वंशावळ तरी द्यावीच लागेल ना? अमेरिकेतल्या पोराला राधेय म्हणजे काय हे आकाशातून कळणार आहे का?

---

रंगपीठ

नाटकवाला म्हणून सांगतो. रात्री अंथरुणात वाचून दाखवायचंय. तळटीप वाचून दाखवणार कशी? "थांब हं बाळा, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघू" म्हटलं की प्रसंग मेला.

आणि वंशावळीचा तक्ता तर मुळीच नको. कुंतीखाली पहिल्याच चौकटीत कर्ण दिसणार. पडदा उघडायच्या आधीच शेवटचा अंक दाखवला.

तळटीपेऐवजी आधी पेरा. आख्यानाच्या सुरुवातीला दोन ओळी: सारथ्याच्या बायकोचं नाव राधा, तिला नदीत वाहत आलेली पेटी सापडली, ते मूल तिने वाढवलं, लोक त्याला राधेचा मुलगा म्हणू लागले. दुसरीकडे, राजवाड्यात आलेल्या एका मुलीचं माहेरचं नाव पृथा. झालं. तीन पानांनंतर 'राधाज सन' आणि 'पृथाज सन' आले की कान आपोआप ओळखतो. मीनलताईंच्या राधेचा घोटाळाही तिथेच मिटतो, कारण या राधेचा नवरा रथ हाकताना दिसलेला असतो.

'सन ऑफ' टाळा. चार वेळा मोठ्याने वाचून बघा, जीभ अडखळते. 'राधाज सन' आखूड आहे.

---

द्राक्षबागाईत

विषयाला धरून आहे की नाही माहीत नाही. आमच्या आजीचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि वारस नोंदीच्या वेळी एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. त्यात मुलाच्या व्हिसासाठी सगळं इंग्रजीत करून घेतलं तर करून देणाऱ्याने चुलता, मामा, मावसा, आत्याचा नवरा, सगळ्यांना अंकल केलं. पुढे विचारणा आली, तुम्हाला सहा अंकल, त्यातले वडिलांचे भाऊ किती? आम्ही निफाडहून नाशिकला तीन चकरा मारल्या.

कुंती कृष्णाची कोण? वसुदेवाची बहीण ना? म्हणजे कर्ण कृष्णाचा आतेभाऊ. हे कझिनमध्ये कसं मावणार?

---

पोथीवाला

मावत नाही. आणि बागाईतदार, तुम्ही विषयाला धरूनच आहात. ज्या नात्यावर प्रसंग हलतो तेवढंच उलगडायचं, बाकी कझिन राहू द्या. कृष्ण या भेटीच्या आधी कर्णाला भेटतो तेव्हा म्हणतो की वडिलांकडून पार्थ तुझे, आईकडून वृष्णी तुझे. तिथे 'माय फादर्स सिस्टर्स सन' हे लांबलचक असलं तरी लिहावं, कारण कृष्ण तिथे नातं मोजूनच दाखवतोय. दुसरीकडे नुसता उल्लेख असेल तर कशाला?

पण रंगपीठ, तुमच्या पडद्याच्या उपमेवर माझी हरकत आहे. हे गुपित फुटण्याचं आख्यान नाहीच. ऐकणाऱ्याला कर्णाचा जन्म आदिपर्वापासून माहीत असतो. तेही सोडा, *कर्णालाही माहीत असतं.* कृष्णाने थोड्याच आधी त्याला सगळं सांगितलंय, आणि कर्णाने त्याला बजावलंय की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. त्यानंतर कुंती येते. म्हणजे आपण कौंतेय आहोत हे पक्कं ठाऊक असलेला माणूस समोर खुद्द कुंती दिसल्यावर पहिला शब्द काय उच्चारतो? राधेय. दुसरा, आधिरथी. स्वतःचं नाव तिसरं. तो स्वतःची ओळख करून देत नाहीये हो, ते उत्तर आहे. तिने विचारायच्या आधीच दिलेलं.

म्हणून शब्दांचा क्रम जपा. इंग्रजीत हात आपोआप 'आय ॲम कर्ण, सन ऑफ राधा' असा वळतो. नाव पुढे, आईबाप शेपटाला. तसं केलं की ते ओळखपत्र होतं. "राधाज सन आय ॲम, अँड अधिरथाज. कर्ण बोज टू यू." इंग्रजी थोडं वाकडं होतं, होऊ द्या.

---

गोदाकाठची

पोथीवाले काका, अंगावर काटा आला. कारण आत्ता वही काढून पाहिली. त्या ओळीपाशी आजोबांनी लाल पेन्सिलीने समासात लिहिलंय, "राधेय शब्दावर पेटी थांबवणे. मग पुढे." मला वाटायचं हे दम घेण्यासाठी असेल.

---

रंगपीठ

वा! आजोबांना दिग्दर्शन कळत होतं. इंग्रजीतही तिथे ओळ तोडा. "राधाज सन." पूर्णविराम. पुढचं खालच्या ओळीवर. वाचणारी आई आपोआप थांबेल.

पडद्याचं मान्य. पण त्या दोन मुलांना तर माहीत नाही ना? त्यांच्यासाठी ते गुपितच आहे. मी वंशावळ नको यावर ठाम.

---

पोथीवाला

मुलांना कृष्ण-कर्ण भेट आधी वाचून दाखवा म्हणजे दोन्ही साधेल. गुपित तिथे फुटू दे. कुंतीच्या प्रसंगात मग कर्णाला माहीत आहे हे त्यांना माहीत असेल.

---

गोदाकाठची

आजोबांच्या वहीत कृष्ण-कर्ण भेट नाही. वेगळ्या दिवशीचं आख्यान असणार, ती वही हरवली. मी स्वतः लिहून घालू का? ते आजोबांचं राहणार नाही.

बरं, 'माते'चं काय?

---

सिडकोचा_अभ्या

माते = मदर. याच्यात तरी वाद नको.

---

रामकुंडवाले

वाद आहे, अभ्याशेठ. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर विधी चालतात. येणाऱ्या प्रत्येक म्हातारीला आम्ही 'माई' म्हणतो, 'माताजी' म्हणतो. ती काय आमची आई झाली? सिटी बसमध्ये बाई कंडक्टरला दादा म्हणते. आपल्याकडे नात्याचा शब्द हाच परक्याला दिलेला मान असतो. उलटही असतं, आई पोराला "अरे बाबा, ऐक ना" म्हणते. इंग्रजी पोराला 'बाबा'चं फादर करून दाखवलं तर तो घर सोडून पळेल.

---

पोथीवाला

संस्कृतातला 'तात' अगदी तसाच आहे. वडिलांनाही तात, मुलालाही तात. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलणारे तिथे हमखास पडतात.

मूळ प्रसंगात कर्ण तिला संबोधताना आई म्हणतच नाही. सुरुवातीला 'भवती' म्हणतो. तिचं बोलणं ऐकून, वरून सूर्याची ग्वाही ऐकून, त्यानंतर जे उत्तर देतो त्यात तिला हाक मारतो 'क्षत्रिये' अशी. ती त्याला 'पुत्रक' म्हणतेय, आणि हा म्हणतोय, क्षत्रिय बाई. त्या उत्तरात 'मातृवत्' हा शब्द येतो, पण कशात? आईसारखं तू माझ्या हिताचं काही केलं नाहीस, या ठपक्यात. तुमच्या आजोबांचं 'राजमाते' हे 'क्षत्रिये'च्या जागी आलंय असं मला वाटतं. थंड शब्द आहे.

तेव्हा पहिल्या 'माते'चं लेडी करा. 'राजमाते'चं काय करायचं ते मला सुचत नाही. 'क्वीन मदर' म्हटलं की इंग्लंडची आजीबाई डोळ्यांसमोर येते.

---

रंगपीठ

तरी 'क्वीन मदर'मध्ये गंमत आहे. त्यात मदर आहे आणि तो तिला मदर म्हणत नाहीये. राजाची आई, माझी नाही. मी ठेवला असता.

---

पोथीवाला

आणि पांडवांपैकी त्या वेळी राजा कोण होता? पांडव तेरा वर्षं काढून नुकते परतलेत, राज्य अजून मागताहेत. 'क्वीन' एवढंच पुरे.

---

गोदाकाठची

थांबा, मला वहीत आणखी एक गोष्ट दिसली, तुम्हीच सांगा बरोबर आहे का.

कर्ण पूर्ण आख्यानभर कुंतीला 'आपण' म्हणतो. "आपण का आलात? काय आज्ञा?" राजमाते म्हणतानाही आपण. फक्त एका परिच्छेदात घसरतो: "मला पाण्यात सोडलंस तेव्हा तुला मी दिसलो नाही का? आज दिसलो?" तिथे *तू* आहे. चार वाक्यं. आणि परत, "आपले पाच पुत्र पाचच राहतील," इथे आपण.

मी आधी समजत होते की रागाने अहो-जाहो सुटलं. पण आपण आईला तूच म्हणतो ना? मी आईला कधी आपण म्हटलं नाही. आजी म्हणायची सासूला. म्हणजे त्या चार वाक्यांतच तो तिच्याशी मुलासारखा बोलतोय. भांडतोय, पण मुलासारखा.

इंग्रजीत सगळीकडे 'यू'. मी हे कुठे ठेवू?

---

द्राक्षबागाईत

ताई, ही ओळ वाचून मी बागेतून घरी आलो आणि आईला फोन लावला.

---

पोथीवाला

बरोबर वाचलंत. आणि हे संस्कृतात असं नाही. तिथे भवती आणि त्वं एकमेकांत सहज मिसळतात. हे तुमच्या आजोबांचं, मराठीचं आहे. मूळ संहितेत जे 'मातृवत्'ने झालं ते त्यांनी 'तू'ने केलं.

उपाय इथेच सापडतो बघा. इंग्रजीने सर्वनामातला फरक काढून घेतला, मग तो फरक वाहायला संबोधनच उरतं. म्हणून बाकी सगळीकडे 'लेडी', 'क्वीन' ही संबोधनं जपून ठेवायची, जरा जास्त वाटली तरी. आणि त्या चार वाक्यांत एकही संबोधन ठेवायचं नाही. नुसतं 'यू'. "व्हेन यू पुट मी इन द वॉटर, डिड यू नॉट सी मी?" पाचव्या वाक्यात 'लेडी' परत आणायचं. दार बंद झाल्यासारखं ऐकू येईल.

---

सिडकोचा_अभ्या

मी तर म्हणतो त्या चार वाक्यांत एकदा 'मदर' टाका. मुलांना कळायला पाहिजे ना.

---

रंगपीठ

टाकू नका. तो शब्द तो उच्चारत नाही म्हणूनच ते दुखतं.

---

सिडकोचा_अभ्या

11 वर्षांच्या मुलीला न उच्चारलेला शब्द ऐकू येतो असं तुम्हाला वाटतं? मला नाही वाटत. मतभेद नोंदवून गप्प बसतो.

---

रामकुंडवाले

एक भर घालतो. हे शब्द जपले तर पुढे कामाला येतात. युद्धानंतर गंगेवर पाणी द्यायची वेळ येते. तर्पणाला नातं सांगावं लागतं, नुसतं नाव चालत नाही, हे आम्ही रोजच बघतो. नातं आठवलं नाही की माणसं कुंडाच्या पायरीवरून घरी फोन लावतात. तिथे कुंती धर्मराजाला आणि भावांना सांगते, ज्याला तुम्ही सूतपुत्र समजता, राधेय समजता, त्यालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. स्त्रीपर्वात आहे. तिने गंगाकाठी जे दोन शब्द पुसायला सांगितले होते, तेच दोन आता तिलाच उच्चारावे लागतात, नाहीतर मुलांना कळणार नाही कोणाबद्दल बोलतेय ते.

ताई, आधीच्या प्रसंगात राधेयचं कर्ण केलं असतंत तर इथे काहीच वाजलं नसतं.

---

गोदाकाठची

आजोबांचं आख्यान त्या तर्पणावरच संपतं. शेवटच्या पानाला मी अजून हात लावला नव्हता.

नवा खर्डा काल रात्री पाठवला. निवेदनात सगळीकडे कर्ण आणि कुंती. वैकर्तन, अंगराज काढले. बोलण्यात राधाज सन, चॅरिअटीअर्स सन, कुंतीज सन, पृथाज सन, जिथे होते तिथेच, आजोबांच्या क्रमाने. राधेची आणि पृथेची दोन वाक्यं सुरुवातीला पेरली. वंशावळ नाही. 'राजमाते'ला 'क्वीन' केलंय, मनाला पटलेलं नाही. कृष्ण-कर्ण भेटीचं कोडं तसंच आहे. सध्या बहिणीला सांगितलंय, तोंडी सांग.

---

गोदाकाठची

बहिणीचा आत्ता मेसेज आला. 'राधाज सन'पाशी ती थांबली, कारण ओळ तिथे तुटली होती. थोरला म्हणाला, "ही नोज, राइट? ही इज सेइंग इट ऑन पर्पज."

धाकटी तोवर झोपली होती. तिचं मत उद्या कळेल, अभ्या.